पिन म्हणजे तुमची सही

"ताई, मी ७२ वर्षांची आहे. मुलाने फोनवर पैसे पाठवायचं ॲप घालून दिलंय. पण शिकवताना त्याची बोटं इतकी भरभर फिरतात की मला काही कळत नाही, आणि दोनदा विचारलं की म्हणतो, 'दे, मीच करतो.' भाचीने माझा चष्मा करून आणला, तिचे २,४०० रुपये द्यायचेत. एक बटण चुकलं तर सगळी पुंजी जाईल या भीतीने हात पुढे जात नाही. सावकाश, एकेक पायरी करून सांगाल का?"

नमस्कार काकू,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी छापायला दिलेली नाही. तिच्यात तुम्ही तुमचा पिन लिहून "हा बरा आहे ना?" असं विचारलं होतं. बरा होता. आता नाही, कारण तो मला कळला, आणि माझ्याआधी ज्याने पाकीट फोडलं त्यालाही. तेव्हा आपण पिन बदलण्यापासूनच सुरुवात करू. त्यात एक पैसाही कुठे जात नाही, आणि ज्या पानाची तुम्हाला भीती वाटते त्या पानाशी ओळख तेवढी होते.

त्याआधी बसायची तयारी. फोन हातात धरून उभ्याने हे करू नका. टेबलाशी बसा, नवा चष्मा लावा, फोन टेबलावर आडवा ठेवा आणि एकाच बोटाने दाबा. फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले नावाच्या भागात अक्षरं मोठी करता येतात. हे एवढं काम मुलाकडून करून घ्या आणि मग त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा. आणखी एक अट मी सगळ्यांनाच घालते: त्या वेळी कुणाशीही फोनवर बोलणं चालू नको. भाचीशीही नको. बोलत बोलत पैसे पाठवायची सवय लागली, की उद्या परका माणूस फोनवरून "आता हे दाबा, आता ते दाबा" म्हणू लागला तरी बोट त्याच्यामागे जातं.

आता तुमच्या फोनमध्ये कोणकोणते आकडे वावरतात ते वेगळे करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. फोन उघडायचा जो आकडा किंवा बोटाचा ठसा आहे, ती घराच्या दाराची किल्ली. एटीएम कार्डाचा पिन कार्ड वापरण्यापुरता, एटीएममध्ये किंवा दुकानातल्या यंत्रावर. ओटीपी म्हणजे बँक मेसेजने पाठवते तो आकडा. तो एका कामापुरता असतो आणि काही मिनिटांत बाद होतो. आणि चौथा यूपीआय पिन, चार किंवा सहा आकडी. खात्यातून पैसे जायला हाच लागतो. बँकेत चेकवर सही करता ना, तीच सही फोनवर आकड्यांनी करायची. मी बँकेत काउंटरवर बरीच वर्षं काढली. कोऱ्या चेकवर सही करून ठेवणारे लोक पाहिले की आम्हीच घाबरायचो. पिन दुसऱ्याला सांगणं म्हणजे तेच.

पिन बदलायचा असा. ॲप उघडा. कोपऱ्यात तुमचं नाव किंवा फोटो असेल तिथे दाबलं की बँक खात्यांची यादी मिळते. त्यातल्या तुमच्या बँकेच्या नावावर दाबा. यूपीआय पिन बदला, किंवा इंग्रजीत असेल तर Change UPI PIN, अशी ओळ दिसेल. आधी जुना पिन मागतील, मग नवा, मग तोच नवा पुन्हा एकदा. नवा पिन निवडताना जन्मसाल नको, लग्नाचं साल नको, घराचा नंबर नको, आणि एटीएमचाच आकडा इथेही नको. घाईने चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकू नका. सलग तीनदा चुकला तर बऱ्याच बँका दिवसभरासाठी दार बंद करतात. पैसे कुठेही जात नाहीत, फक्त थांबावं लागतं. नवा पिन मुलालाही सांगू नका. विश्वास नाही म्हणून नव्हे, तर सही दोघांनी करायची नसते म्हणून.

आता पुंजीच्या भीतीबद्दल. ही भीती मला रास्त वाटते, आणि त्यावर धीर धरा म्हणण्यापेक्षा एक सोपी व्यवस्था सांगते. ज्या खात्यात पेन्शन येते आणि सगळी शिल्लक आहे, ते खातं ॲपला जोडूच नका. दुसरं एखादं बचत खातं असेल तर तेवढंच जोडा. नसेल तर उघडा. त्यात महिन्याला लागतील तेवढेच पैसे ठेवा, समजा दहा हजार. मग काहीही झालं तरी जास्तीत जास्त किती जाऊ शकेल ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल. फक्त त्या खात्याला तुमच्या फोनमधला हाच मोबाइल नंबर नोंदवलेला हवा, कारण ॲप खातं शोधतं ते नंबरावरून. आणि बँकेत एक प्रश्न जरूर विचारा: "माझ्या खात्याला ऑटो स्वीप आहे का?" ही सोय असली तर खात्यात पैसे कमी पडताच मुदत ठेव आपोआप मोडून तिथे पैसे येतात. चेक परत जाऊ नये म्हणून ती बरी, पण फोनला जोडलेल्या खात्याला नको. ठेव मोडली गेल्याचं काही जणांना पासबुक भरून आणल्यावरच कळतं.

चला, भाचीचे पैसे.

ॲप उघडा. मोबाइल नंबरावर पैसे पाठवा अशा अर्थाचं बटण पहिल्याच पानावर असतं. ते दाबलं की तुमच्या फोनमधली नावं दिसतात. त्यातून भाचीचं नाव निवडलं तरी चालतं, पण पहिल्या वेळी मी तिचा दहा आकडी नंबर डायरीत बघून स्वतः टाइप करायला सांगेन. माझ्या फोनमध्ये एकाच आडनावाची दोन माणसं होती. एकदा घाईत नळ दुरुस्त करणाऱ्याचे पैसे मी एका जुन्या सहकाऱ्याला पाठवले. त्याने हसत परत केले, पण तो हसला नसता तर मी काय करणार होते? चुकीच्या माणसाला गेलेले पैसे बँक त्याच्या संमतीशिवाय ओढून परत आणू शकत नाही. बँकेत काम केलेल्या बाईची ही गत, तेव्हा तुम्ही सावकाश चाललात तर कुणी हसू नये.

नंबर टाकला की वर एक नाव येतं. इथे थांबा. हे नाव तुम्ही फोनमध्ये साठवलेलं नव्हे, तिच्या बँकेत नोंदलेलं असायला हवं. ३० जून २०२५ पासून ॲपना पैसे पाठवण्याआधी बँकेतलंच नाव दाखवावं लागतं. आता गंमत अशी, की आपण जिला घरात बेबी म्हणतो तिचं बँकेतलं नाव भलतंच असतं. लग्नानंतर नाव बदललेलं असतं, कुठे नवऱ्याचं नाव मधे असतं, कुठे माहेरचंच आडनाव राहिलेलं असतं. म्हणून आदल्या दिवशीच तिला फोन करून विचारून ठेवा, "तुझ्या बँकेत तुझं नाव कसं लिहिलंय?" आणि ते डायरीत नंबराच्या शेजारी लिहा. पडद्यावरचं नाव डायरीतल्या नावाशी जुळलं तरच पुढे. नाही जुळलं तर मागे जायचा बाण दाबा आणि नंबर पुन्हा तपासा. अजून काहीही घडलेलं नाही.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, काकू, कारण तुमच्या बटणाच्या भीतीचं उत्तर त्यात आहे. ॲप उघडणं, नंबर टाकणं, नाव बघणं, रक्कम लिहिणं, चुकीचं पान उघडणं, पुन्हा मागे येणं, यातल्या कशानेही पैसे जात नाहीत. चेकबुक काढलं, तारीख लिहिली, रक्कम लिहिली, आणि सही न करता फाडून टाकलं, इतकंच ते. पिन टाकेपर्यंत तुम्ही दहा वेळा चुकू शकता.

याला दोन अपवाद आहेत आणि ते मुलाला विचारून घ्या. एक, यूपीआय लाइट. लहान रकमा पिन न विचारता जाव्यात म्हणून ही सोय असते. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये वेगळे काढून ठेवता येतात आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत असेच जातात. दुसरा, काही ॲपमध्ये आता पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा चालतो. दोन्ही सोयी वाईट नाहीत, पण शिकणाऱ्याने त्या बंद ठेवाव्यात असं माझं मत. सही करताना आपण सही करतोय हे हाताला कळायला हवं.

आता रक्कम. २,४०० लिहू नका. आधी १ लिहा, फक्त एक रुपया.

खाली पाठवा किंवा Pay असं बटण असतं. ते दाबलं की कोणत्या बँक खात्यातून हे दिसतं. एकच खातं जोडलेलं असेल तर निवडायचं काहीच नाही. पुन्हा एकदा दाबा, आणि पडदा बदलतो. ॲपचे रंग, चित्रं, बक्षिसांच्या जाहिराती सगळं नाहीसं होतं आणि एक साधं, रिकामं, काहीसं रुक्ष पान येतं. हेच ते पिनचं पान. घरातल्या दोघांची ॲप वेगळी असली तरी हे पान साधारण सारखंच दिसतं. ॲप मराठीत केलेलं असलं तरी ते इंग्रजीत दिसू शकतं, म्हणून मी जवळून दाखवते.

सगळ्यात वर तुमच्या बँकेचं नाव. त्याखाली पैसे कोणाला जाताहेत ते नाव आणि रकमेचा आकडा. त्याच्या शेजारी खाली तोंड केलेला एक बारीक बाण असतो, तो दाबला तर खात्याचा तपशील उघडतो. मधे ENTER UPI PIN असं लिहिलेलं आणि त्याखाली चार किंवा सहा रिकाम्या जागा. अगदी खाली आकड्यांची पाटी, आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात बरोबरची खूण. डाव्या कोपऱ्यात खोडायचं बटण.

बहुतेकांची नजर सरळ खाली, आकड्यांच्या पाटीवर जाते. मुलगा भरभर करतो तो इथेच. तुम्ही उलटं करा. आधी वरचं नाव तोंडाने वाचा, मग रक्कम तोंडाने वाचा: "एक रुपया." दोन्ही बरोबर असतील तरच पिन टाका. आकड्यांच्या जागी ठिपके दिसतील, त्याने गोंधळू नका. मनात शंका आली तर अजूनही मागे येता येतं, "व्यवहार रद्द करायचा का?" असं विचारलं तर हो म्हणा. पण कोपऱ्यातली बरोबरची खूण दाबली की सही झाली. त्यानंतर मागे येणं नाही.

एखादं चक्र फिरेल. फोन हलवू नका, मागे जाऊ नका, नुसतं बघा. मग पैसे गेले अशी खूण येईल आणि त्याबरोबर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तो डायरीत तारखेसह लिहा. काही तक्रार करायची वेळ आली तर बँकेत पहिला प्रश्न याच क्रमांकाचा असतो. थोड्या वेळात बहुधा बँकेचा मेसेजही येतो. पिन न मागताच रुपया गेला, तर समजा की यूपीआय लाइट चालू आहे. आधी ते बंद करून घ्या.

आता भाचीला फोन करा आणि विचारा, "रुपया आला का?" ती हो म्हणाली, आणि तुमच्याच नावाने आला म्हणाली, की फोन ठेवा आणि उरलेले पाठवा. त्याच ॲपमध्ये आता तिचं नाव आधीच्या व्यवहारांत दिसेल. त्यावर दाबा आणि २३९९ लिहा. इथे शून्यांची चूक होते. २४०० च्या जागी २४००० सहज पडतात, कारण बोट शून्यावर रेंगाळतं. म्हणून पिनच्या पानावर रक्कम शब्दांत म्हणा: "दोन हजार तीनशे नव्याण्णव." आकडा डोळ्याला फसवतो, तोंडाला तितका फसवत नाही. मग पिन, मग खूण. झाले तुमचे २,४०० रुपये चुकते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. फोन नवा असेल किंवा यूपीआय नुकतंच सुरू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत एकूण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. काही फोनवर ही मुदत आणखी लांब असते. तुमची रक्कम त्यात बसते. पण मोठी रक्कम अडली तर ॲप बिघडलं असं समजू नका, ती आडकाठी तुमच्याच भल्यासाठी आहे.

कधी कधी चक्र फिरतच राहतं आणि शेवटी Pending असं येतं. लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. पैसे गेले नाहीत असं समजून ते पुन्हा पाठवतात, मग तासाभराने दोन्ही पोहोचतात. Pending दिसलं की फोन खाली ठेवा आणि चहा करायला उठा. बहुतेक वेळा काही मिनिटांत किंवा काही तासांत ते एकतर यशस्वी होतं किंवा रद्द. तुमच्या खात्यातून गेले पण भाचीला पोहोचले नाहीत असं झालं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. तक्रार ॲपमध्येच, त्या व्यवहारावर दाबून करा. इंटरनेटवर "अमुक ॲपचा कस्टमर केअर नंबर" असं शोधून मिळेल त्या नंबरावर फोन करू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात, आणि समोरचा माणूस खऱ्या कर्मचाऱ्यापेक्षा गोड बोलतो. बँकेचा नंबर एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, तो आत्ताच डायरीत उतरवा.

आता या पिनच्या पानावरच फसवणूक कशी होते ते बघू. समजा, दुपारी फोन येतो. "मावशी, तुमच्या जुन्या कपाटाची जाहिरात पाहिली, घेतो. पैसे आत्ता पाठवतो, एक चौकोन पाठवलाय तो स्कॅन करा." तुम्ही स्कॅन करता. रक्कम येते ५,०००. "आता पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात पडतील." नेमकं तेच पान उघडलेलं असतं: वर त्याचं नाव, ५,००० चा आकडा, खाली ENTER UPI PIN. पान खोटं नाही, खरंच आहे. फसवणूक फक्त त्याच्या बोलण्यात आहे. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. तुम्हाला कुणी चेक देताना तुमची सही मागत नाही, तसंच. वर नाव वाचायची सवय असेल तर तुम्हीच विचाराल, "मला पैसे येणार असतील तर इथे वर तुझं नाव कशाला?"

पूर्वी कुणीही ओळखीपाळखीचा किंवा अनोळखी माणूस ॲपमधून "माझे पैसे दे" अशी मागणी थेट पाठवू शकायचा, आणि लोक ती पैसे येताहेत असं समजून मंजूर करायचे. माणसाने माणसाला अशी मागणी पाठवणं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालं आहे. कंपन्या आणि दुकानदार यांना मात्र ती पाठवता येते. तुम्ही स्वतः काही विकत घेतलेलं नसताना अशी मागणी आली तर नाकारा, आणि नाकारायला पिन लागत नाही.

पिन टाकायच्या पानाआधी AutoPay किंवा Mandate असा शब्द दिसला तर मी तिथेच थांबायला सांगेन. त्यात एकदा सही केली की दर महिन्याला किंवा ठरलेल्या दिवशी पैसे आपोआप जात राहतात. विजेच्या बिलासाठी जाणूनबुजून घेतलं तर सोय आहे. एक रुपयात काहीतरी मिळतंय म्हणून घेतलं तर महिन्याभराने कळतं. चालू असलेले ऑटोपे ॲपमध्येच दिसतात आणि तिथूनच बंद करता येतात.

अजून एक प्रकार. "चुकून तुमच्या खात्यात माझे पैसे आले, परत पाठवा," असा रडवेला फोन. सोबत पैसे जमा झाल्याचा मेसेजही. तो मेसेज कुणी पाठवला ते बघा. बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही, बँकेच्या नावाच्या आद्याक्षरांसारख्या मथळ्याने येतो. पण तेवढ्यावरही विसंबू नका. फोन ठेवा आणि मग ॲपमध्ये शिल्लक बघा. शिल्लक बघतानाही पिन विचारतात, याने पुष्कळांचा गोंधळ होतो. फरक असा, की त्या पानावर वर कुणाचं नाव आणि पाठवायची रक्कम नसते. नाव आणि रक्कम दिसली, तर ते शिल्लक बघणं नव्हे. आणि खरोखरच कुणाचे पैसे आले असतील तर त्या माणसाला सांगा, "तुमच्या बँकेत तक्रार करा, माझी बँक परत करेल." खरा माणूस यावर फार भांडत नाही.

फोनवरून "मी मदत करतो, एक छोटं ॲप घ्या" म्हणून जो सांगतो, तो तुमचा पडदा स्वतःच्या फोनवर बघायची सोय करून घेत असतो. मग तुम्ही पिन मनातल्या मनात टाकला तरी बोट कुठे पडलं ते त्याला दिसू शकतं. कुणाच्या सांगण्यावरून कोणतंही ॲप घालायचं नाही, तो बँकेतूनच बोलतोय असं म्हणाला तरी.

समजा हे सगळं वाचूनही पैसे गेले. तेव्हा लाजेत वेळ घालवू नका. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत पैशांपेक्षा जास्त वेळ लोकांनी घरच्यांपासून लपवण्यात घालवलेला असायचा. आधी १९३० हा नंबर लावा. सायबर फसवणुकीसाठीची ही सरकारी मदतवाहिनी आहे. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात थोपवता येण्याची शक्यता असते, कारण भामटे ते एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतात. cybercrime.gov.in या पत्त्यावरही तक्रार नोंदवता येते, ते काम मुलाकडे द्या. लगेच दुसरा फोन बँकेला करा आणि खात्याचं यूपीआय बंद करायला सांगा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तुमच्याकडून काही चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले, तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक दोन्ही लिहून घ्या. फोन हरवला तर दोन फोन करा, बँकेला आणि सिम कंपनीला, दुसऱ्याच्या फोनवरून.

तर डायरीच्या पहिल्या पानावर एवढं असू द्या: कार्डामागचा बँकेचा नंबर, १९३०, भाचीचा नंबर आणि तिचं बँकेतलं नाव. पिन मात्र नको, डायरीच्या शेवटच्या पानावरही नको, आणि फोनच्या कव्हरात चिठ्ठी करूनही नको.

एक रुपया पोहोचला की मला दोन ओळी लिहून कळवा. बारा आकडी क्रमांक लिहिलात तरी चालेल, त्याने कुणाला पैसे काढता येत नाहीत.